बिलाखालची ओळ आणि शेकडा सव्वादोन

सांगलीतल्या एका दुकानाचे हिशेब मी बरीच वर्षं पाहतो. पीव्हीसी पाइप, फिटिंग, ठिबकचं साहित्य, पाण्याच्या टाक्या असा माल. मालक साठीचे, आजूबाजूचे सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वही स्वच्छ, कुणाची किती उधारी आणि कधीपासून ते तोंडपाठ. बँकेचा हप्ता चुकला, पुरवठादाराचा चेक परत गेला असं त्यांच्याकडे कधी घडलेलं नाही.

एकदा त्यांच्या खरेदीच्या बिलांची फाइल चाळत होतो. पाइपचा मोठा पुरवठादार एकच, महिन्याला त्याची साधारण तीन बिलं. प्रत्येक बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात तीच ओळ होती : ‘७ दिवसांत पेमेंट केल्यास २% सीडी. मुदत ३० दिवस. मुदतीनंतर २४% व्याज.’ सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट, रोख सूट. अण्णांनी वर्षभरातलं प्रत्येक बिल तिसाव्या दिवशी चुकतं केलं होतं. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही. सूट मात्र एकदाही घेतली नव्हती.

“अण्णा, सीडी का नाही घेत?” मी विचारलं.

“साहेब, माझा सगळा पैसा मालात आणि उधारीत अडकलेला. सात दिवसांत द्यायचे म्हणजे सीसीतनं उचलावे लागणार. बँकेचं व्याज अकरा टक्के. दोन टक्के मिळवायला अकरा टक्के भरू म्हणता?”

हे उत्तर मी एकट्या अण्णांकडून ऐकलेलं नाही. कापडवाले, औषधवाले, मशिनरीचे सुटे भाग विकणारे, सगळे हेच सांगतात. ऐकायला ते अगदी बरोबर वाटतं, आणि तरीही त्यात अण्णांचे वर्षाला चाळीस हजारांहून जास्त रुपये जात होते. चूक कुठे आहे ते नीट पाहिलं, की कुठल्याही बिलाखालची ओळ स्वतः वाचता येते.

अकरा वर्षाचे, दोन तेवीस दिवसांचे

बँकेचे अकरा टक्के हे वर्षभराचे आहेत. सीसी खात्यावर रोजच्या शिलकीनुसार व्याज लागतं. दहा दिवस पैसे वापरले तर दहाच दिवसांचं. बिलावरचे दोन टक्के मात्र वर्षाचे नाहीत. पैसे सातव्या दिवशी द्यायचे की तिसाव्या, एवढाच प्रश्न आहे, म्हणजे ते दोन टक्के तेवीस दिवसांचे आहेत. एकीकडे बारा महिन्यांचं भाडं आणि दुसरीकडे तीन आठवड्यांचं. दोन्ही आकड्यांपुढे टक्क्याचं चिन्ह असलं म्हणून त्यांची शेजारी शेजारी तुलना होत नाही.

म्हणून आधी बिल उलट्या बाजूनं वाचावं. छापील रक्कम ही मालाची किंमत आणि सूट हे बक्षीस, असं आपण धरतो. खरं तर सूट वजा जाऊन उरते तीच मालाची रोख किंमत. वरचे दोन टक्के हे तेवीस दिवस थांबल्याचं व्याज आहे आणि ते बिलात आधीच मिळवलेलं आहे. पुरवठादाराला आपले पैसे लवकर हवे असतात. त्यालाही त्याच्या बँकेचं व्याज भरायचं असतं, वसुलीला माणूस पाठवायचा असतो आणि काही उधारी बुडणार हे त्यानं धरलेलं असतं. त्या सगळ्याचा खर्च त्यानं किमतीत घातलेला असतो. जो सातव्या दिवशी पैसे देतो त्याच्यापुरता तो वजा करतो, इतकंच.

जुन्या पेठांमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुदती हुंडी मिती भरण्याआधी वटवायची असेल, तर सराफ उरलेले दिवस मोजायचा आणि तेवढ्या दिवसांचं व्याज कापून रोख हातात ठेवायचा. दिवस आधी, टक्का नंतर. आजही काही वह्यांत सुटीच्या खात्याचं नाव ‘कसर-वटाव’ असंच असतं. शब्द राहिला, पण दिवस मोजायची सवय गेली.

शेकडा किती पडतो?

आता अण्णांचं एक बिल घेऊ. मालाची किंमत १,००,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १८,००० रुपये, एकूण बिल १,१८,००० रुपये. सूट मालाच्या किमतीवर, जीएसटीवर नाही, म्हणजे २,००० रुपये. सातव्या दिवशी दिले तर १,१६,००० रुपयांत काम होतं. तिसाव्या दिवशी दिले तर १,१८,००० रुपये जातात.

हेच बोलणं सावकारानं केलं असतं तर कसं वाटलं असतं? “तुमच्याकडे आज १,१६,००० रुपये राहू द्या. तेवीस दिवसांनी मला १,१८,००० आणून द्या.” अण्णांनी लगेच विचारलं असतं, “शेकडा किती पडला?” हाच प्रश्न बिलाला विचारायचा. आपल्याकडे व्याज महिन्याच्या शेकड्यानं बोलायची रीत आहे आणि या हिशेबाला तीच सोयीची पडते.

पहिली पायरी : वाचणारी रक्कम भागिले आज द्यायची रक्कम. २,००० ला १,१६,००० नं भागलं की १.७२ टक्के येतात. इथे १,१८,००० नं भागायचं नाही, कारण तेवीस दिवस आपल्याकडे राहतात ते १,१६,००० रुपये. आणि भागाकार जीएसटीसकट रकमेनं करायचा, कारण खिशातून तेवढी रक्कम आधी जाते. हे विसरून ‘दोन टक्के’ धरून चाललं, तर दर खऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

दुसरी पायरी : तेवीस दिवसांच्या १.७२ टक्क्यांना तिसानं गुणायचं आणि तेवीसनं भागायचं. उत्तर २.२५. म्हणजे महिना शेकडा सव्वादोन रुपये.

तिसरी पायरी : वर्षाचा दर हवा असेल तर १.७२ ला ३६५ नं गुणून २३ नं भागायचं. उत्तर साधारण २७.४ टक्के.

सगळं एका ओळीत असं मांडता येईल :

वार्षिक दर = (सूट ÷ सूट वजा जाऊन द्यायची रक्कम) × (३६५ ÷ वाचणारे दिवस) × १००

व्याजावर व्याज धरलं, म्हणजे दर तेवीस दिवसांनी हीच उधारी नव्यानं होत राहते असं मानलं, तर आकडा ३१ टक्क्यांच्या पुढे जातो. पण दुकानदाराच्या निर्णयाला साधा हिशेब पुरतो.

म्हणजे अण्णा २७ टक्क्यांनी पैसे उचलत होते, आणि ११ टक्क्यांचे पैसे महाग म्हणून तसेच ठेवत होते. बिलाच्या तळाशी ‘मुदतीनंतर २४% व्याज’ असं छापलेलं होतं. त्या चोवीस टक्क्यांच्या धास्तीनं ते एक दिवस उशीर होऊ देत नव्हते. मुदतीच्या आतल्या तेवीस दिवसांना त्याहून जास्त दर पडत होता. तो कुठे छापलेला नव्हता, म्हणून दिसत नव्हता.

टक्के नकोत असं वाटत असेल तर तेच रुपयांत बघा. सीसीतून १,१६,००० रुपये तेवीस दिवस वापरले तर ११ टक्क्यांनी व्याज होतं ८०४ रुपये. वाचतात २,०००. एका बिलामागे १,१९६ रुपये हातात. महिन्याला अशी तीन बिलं, वर्षाला छत्तीस. छत्तीस बिलांचे झाले ४३,०५६ रुपये. एकच बिल समोर असेल आणि पुढे तो पुरवठादार राहणार नसेल, तर वार्षिक दराला फारसा अर्थ नाही. तिथे ८०४ विरुद्ध २,००० हीच तुलना खरी. वार्षिक दराचा उपयोग निरनिराळ्या अटी आणि निरनिराळी कर्जं एका मापानं मोजायला होतो.

टक्क्यापेक्षा दिवस मोठे

अण्णांकडे आणखी दोन पुरवठादारांची बिलं होती. एक म्हणत होता, ७ दिवसांत दिले तर १ टक्का सूट, नाहीतर मुदत १५ दिवस. दुसरा म्हणत होता, ७ दिवसांत दिले तर ३ टक्के सूट, नाहीतर मुदत ९० दिवस. हातात पैसे एकाचेच असतील तर आधी कुणाला द्यावेत? दहातले नऊ जण तीन टक्केवाल्याला देतील. अण्णांनीही तेच सांगितलं.

आता वरचाच हिशेब लावू. पहिल्या बिलात लाखाच्या मालावर १,००० रुपये वाचतात, द्यायचे १,१७,०००, आणि वाचणारे दिवस फक्त आठ. वर्षाचा दर पडतो ३९ टक्के. दुसऱ्यात ३,००० वाचतात, द्यायचे १,१५,०००, पण दिवस त्र्याऐंशी. दर पडतो साडेअकरा टक्के. एक टक्क्याची सूट सोडणं फार महाग आहे. तीन टक्क्यांची सूट जेमतेम बँकेच्या व्याजाइतकी आहे, घेतली काय आणि सोडली काय, फरक थोडा. सुटीचा टक्का डोळ्यांत भरतो, दर मात्र दिवसांवर ठरतो.

दिवसांचा हिशेब एकदा पटला की आणखी एक गोष्ट आपोआप समजते. या सुटीत पैसे पहिल्या दिवशी दिले काय किंवा सातव्या, सूट तीच. म्हणून पहिल्या दिवशी देण्यात फायदा नाही. सातवा दिवस हुकला की आठव्या दिवसापासून एकोणतिसाव्यापर्यंत कधीही दिले तरी पूर्ण १,१८,००० च जातात. मग मधल्या दिवसांत देण्यातही अर्थ नाही. अण्णांच्या बिलाला देण्याचे दिवस दोनच आहेत, सातवा आणि तिसावा. मी अनेक दुकानांत पाहिलं आहे, पैसे हातात आले म्हणून बाराव्या-पंधराव्या दिवशी पेमेंट करून मोकळे होतात. सूट गेलेली असते आणि उरलेले पंधरा-अठरा दिवस पुरवठादाराला फुकट मिळतात.

सात दिवस कुठून मोजायचे हेही आधी विचारून घ्यावं. बहुतेक पुरवठादार बिलाच्या तारखेपासून मोजतात, माल पोचल्यापासून नाही. बिल सोमवारी झालं, ट्रान्सपोर्टचा माल शुक्रवारी आला, तर माल मोजून उतरवून घेईपर्यंत हातात दोन-तीन दिवसच उरतात. चेक दिला तर दिल्याची तारीख धरणार की जमा झाल्याची, हेही स्पष्ट हवं. एक दिवस उशीर झाला म्हणून कापून घेतलेली सूट परत खात्याला डेबिट पडल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. एनईएफटी आणि आरटीजीएस आता सुट्टीच्या दिवशीही चालतात, तेव्हा चेकवर अवलंबून राहायचं कारण नाही. सुटीला ‘रोख’ म्हणतात म्हणून नोटांनी पैसे देण्याचाही घोळ काही जण करतात. एका दिवसात एकाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम नोटांनी दिली, तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. रोख याचा इथला अर्थ लगेच, नोटा नव्हे.

छापलेली मुदत आणि खरी मुदत

इथपर्यंत ऐकल्यावर अण्णांचा मुलगा म्हणाला, “पण काका, समोरचे दुकानदार तर साठ दिवसांनी देतात. कोण व्याज लावतंय त्यांना?”

त्याचा प्रश्न रास्त होता. हिशेबात दिवस धरायचे ते आपण प्रत्यक्षात ज्या दिवशी पैसे देतो तिथपर्यंतचे. छापलेल्या मुदतीपर्यंतचे नव्हेत. पुरवठादार काहीच बोलत नसेल आणि पैसे खरोखर साठाव्या दिवशी जात असतील, तर वाचणारे दिवस तेवीस नसून त्रेपन्न. दर २७ वरून पावणेबारा-बारा टक्क्यांवर येतो, सीसीच्या दराच्या अगदी जवळ. अशा दुकानदाराला सूट घेण्यात फार काही हाती लागत नाही, हे मान्य करायला हवं.

पण हा स्वस्तपणा पुरवठादाराच्या मर्जीवर उभा आहे. त्यानं बिलावर छापलेलं २४ टक्के व्याज शेवटच्या तीस दिवसांसाठी खरंच लावलं, तर सुमारे २,३२८ रुपये आणखी जातात, आणि गेलेली सूट धरून एकूण दर पावणेसव्वीस टक्क्यांच्या आसपास पोचतो. शिवाय उन्हाळ्यात पाइपची टंचाई झाली की माल आधी कुणाला मिळतो, हे कुठल्या सूत्रात बसत नाही. तो आधी वेळेवर देणाऱ्याला मिळतो.

कायद्याचीही एक मर्यादा आहे. माल पुरवणारा स्वतः उत्पादक असेल आणि सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’मध्ये नोंदलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे त्याचे पैसे ठरलेल्या तारखेपर्यंत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. तसं काही लेखी ठरलेलं नसेल तर १५ दिवसांत. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्यानं यात आयकराची भर घातली. अशी मुदत उलटलेली देणी वर्षअखेरीला बाकी राहिली, तर त्या वर्षी त्यांची वजावट मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळते. आणि पुरवठादार कुणीही असो, बिलापासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. तेव्हा लांबवण्यालाही टोक आहे.

सूट हातात कशी पडते?

अण्णांच्या बिलात सूट पैसे देतानाच कापायची होती. सगळीकडे तसं नसतं. काही पुरवठादार आधी पूर्ण १,१८,००० घेतात आणि सुटीची क्रेडिट नोट तिमाही संपल्यावर काढतात. मग २,००० रुपये सातव्या दिवशी वाचत नाहीत. तीन महिन्यांनी, तेही पुढच्या बिलात वळते होऊन मिळतात. दरात त्यानं थोडाच फरक पडतो. भीती वेगळी असते : मधल्या काळात विक्री प्रतिनिधी बदलतो, क्रेडिट नोट राहून जाते आणि कुणी पाठपुरावा करत नाही. ज्या सुटी पुरवठादाराच्या खाते-उताऱ्यात जमा दिसत नाहीत त्या आपल्याला मिळालेल्या नाहीत, असं समजून दर तिमाहीला ताळमेळ घ्यायला हवा.

क्रेडिट नोटेवर जीएसटी लावला आहे का, हेही पाहावं. सूट आधीच ठरलेली आणि त्या त्या बिलाशी जोडलेली असेल, तर पुरवठादार जीएसटीसह क्रेडिट नोट काढू शकतो. तेव्हा २,००० सोबत ३६० रुपयेही कमी होतात, पण तेवढंच क्रेडिट आपल्याला सोडावं लागतं. ते ३६० रुपये कमाई नव्हेत. त्यांना कमाई धरून दर काढला तर तो फुगतो. जीएसटी न लावता फक्त २,००० ची नोट आली, तर घेतलेल्या क्रेडिटला हात लावायचा नसतो. दोन्ही रीतींत खरी बचत २,००० च.

पैसे आणायचे कुठून?

शेकडा सव्वादोन हा आकडा अण्णांच्या बिलाची सीमारेषा झाला. त्यापेक्षा स्वस्त पैसे मिळत असतील तर सूट घ्यावी, महाग असतील तर सोडावी. चालू खात्यात नुसते पडलेले पैसे असतील तर प्रश्नच नाही, त्यांना तिथे व्याज मिळत नाही. पतसंस्थेचं पंधरा टक्क्यांचं कर्ज असेल तरी सूट परवडते. तेवीस दिवसांचं व्याज १,०९६ रुपये, हातात ९०४ उरतात. पण बाजारातून शेकडा तीननं उचलून सूट घ्यायची म्हटली, तर व्याज २,६६८ आणि सूट २,०००. ६६८ रुपयांचा तोटा. इथे अण्णांचं पहिलं वाक्य खरं ठरतं.

सीसीचंही एक व्यावहारिक गणित आहे आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. अण्णांची मर्यादा दहा लाखांची, वापरलेले सहा लाख. म्हणून चार लाख मोकळे, असं त्यांना वाटत होतं. बँक मात्र ड्रॉइंग पॉवर पाहते. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमधल्या मालातून देणी वजा करते आणि उरलेल्यावर मार्जिन कापते. अण्णांचा माल १४ लाखांचा, पुरवठादारांची देणी ४ लाख. उरले १० लाख, त्यावर २५ टक्के मार्जिन गेलं की साडेसात लाख. सहा लाख वापरलेले, म्हणजे मोकळे दीडच लाख.

सगळी तीन बिलं एकदम सातव्या दिवशी देता येणार नव्हती. एक मात्र येत होतं. आणि ते दिल्यावर पुढची वाट खुली झाली, कारण १,१८,००० चं देणं कमी झाल्याबरोबर पुढच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ड्रॉइंग पॉवर ८८,५०० रुपयांनी वाढली. खात्यातून गेले १,१६,०००, परत उचलता येतील असे झाले ८८,५००. म्हणजे एका बिलामागे खरा ताण साडेसत्तावीस हजारांचा. अण्णांनी पहिल्या महिन्यात एक बिल घेतलं, दुसऱ्या महिन्यात दोन, तिसऱ्यात तीन. तिसऱ्या बिलाला वीसेक हजार कमी पडले, ते गल्ल्यातून घातले.

एक गोष्ट मी त्यांना निक्षून सांगितली. सीसीची सगळी मर्यादा सुटीच्या मागे लावायची नाही. शेतकरी गिऱ्हाइकाची उधारी उसाचं बिल निघाल्यावर फिटते आणि ते बिल लांबलं की अण्णांचेही पैसे लांबतात. अशा वेळी खात्यात जागा नसेल आणि एखादा चेक परत गेला, तर बँकेचा दंड आणि गेलेली पत मिळून वर्षाची सूट खाऊन टाकतात. महिनाभराच्या पगाराला आणि हप्त्यांना पुरतील एवढे पैसे बाजूला राहिले पाहिजेत. त्यानंतर उरेल त्यातून सूट.

आपण देतो ती सूट

हेच मोजमाप काउंटरच्या दुसऱ्या बाजूलाही लागू आहे. अण्णा एका कंत्राटदाराला पंधरा दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून पूर्ण बिलावर तीन टक्के सोडत होते. ९७ रुपये आज घेण्यासाठी पंधरा दिवसांनी येणारे १०० सोडायचे, म्हणजे वर्षाला ७५ टक्के दरानं पैसे उचलायचे. सीसीत जागा असताना हे करण्याचं कारण नव्हतं. कंत्राटदार बुडवेल अशी भीती असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सूट ही व्याज नसून धोक्याची किंमत असते. पण अण्णांचा कंत्राटदार वेळेवर देणारा होता. त्यांनी ती सूट बंद केली.

आता अण्णांच्या दुकानात बिल आलं की मुलगा तळाच्या ओळीशेजारी पेन्सिलनं तीन गोष्टी लिहितो : वाचणारे रुपये, वाचणारे दिवस आणि महिन्याचा शेकडा. त्याखाली सातव्या दिवसाची तारीख. या कामाला मिनिटभर लागतं. तुमच्या फाइलमध्ये सूट देणारी बिलं असतील, तर गेल्या महिन्याची तेवढी काढा आणि प्रत्येकावर हा शेकडा लिहून पाहा. तो तुमच्या बँकेच्या शेकड्यापेक्षा जास्त निघाला, तर तुम्ही आजवर सर्वांत महाग कर्ज त्या पुरवठादाराकडून घेत आला आहात. ते फेडायची तारीख बिलावरच छापलेली आहे.